‘क्लाउड’साठी ढग, मेघ की क्लाउडच?

प्रश्न (शिक्षिका, ठाणे) : मुरबाड तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मला अकरावी-बारावीच्या मुलांना ‘क्लाउड कम्प्युटिंग’ची ओळख वीस मिनिटांत करून द्यायची आहे. टिपणात मी ‘मेघ संगणन’ असे लिहिले होते. ते भाचीला वाचून दाखवले, तेव्हा पावसाळ्यात त्यातली माहिती भिजते का, असे तिने अगदी गंभीरपणे विचारले. शब्द कोणता वापरावा, आणि पिठाच्या गिरणीचे उदाहरण येथे चालेल का?

कळव्याचे एक निवृत्त गृहस्थ : ‘मेघ’च योग्य आहे. मेघ पाणी साठवतो, क्लाउड माहिती साठवतो. केंद्र सरकारनेही आपल्या क्लाउड उपक्रमाला ‘मेघराज’ असेच नाव दिले आहे. गिरणीऐवजी धान्याच्या कोठाराचे उदाहरण द्यावे. ‘ढग’ मात्र नको. ‘ढगात गेला’ म्हटल्यावर वर्गात काय होईल, ते सांगायला नको.

ऐरोलीतील एक अभियंता : ‘मेघराज’बद्दलचे म्हणणे बरोबर आहे, परंतु साठवणुकीचा आधार टिकत नाही. ‘मेघ’ शब्दातील ‘मिह्’ धातूचा अर्थ शिंपणे असा आहे. शिवाय तंत्रज्ञानातील हा शब्द पावसावरून आलेला नाही. नेटवर्कच्या आराखड्यात जो भाग तपशिलाने दाखवण्याची गरज नसे, तेथे अभियंते ढगाची बाह्यरेषा काढत, आणि त्या आकृतीचेच पुढे नाव झाले. माहिती आभाळात नसते. मी जेथे काम करतो, तशा ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरांत ती कपाटांसारख्या रॅकमध्ये लावलेल्या यंत्रांवर असते, आणि त्या यंत्रांना थंड ठेवण्यासाठी पंखे इतके गर्जत असतात की शेजारच्याशीही मोठ्याने बोलावे लागते. हे दृश्य मुलांना आधी सांगितले, तर भिजण्याचा प्रश्नच उरणार नाही.

कोठाराचे उदाहरण साठवणुकीपुरतेच आहे, तर क्लाउडमध्ये गणनाही भाड्याने मिळते. या दृष्टीने गिरणी सरस आहे : दळण आपले, मोटार दुसऱ्याची आणि पैसे किलोवर. परंतु दळून झाल्यावर पीठ आपण घरी आणतो, माहिती मात्र बहुधा तेथेच राहते. दिवाळीच्या आदल्या दिवशी एका गिरणीच्या दहा गिरण्या होत नाहीत, ही दुसरी उणीव; आणि गरजेनुसार वाढणे व कमी होणे हेच तर क्लाउडचे वैशिष्ट्य आहे. त्यासाठी लग्नाची भाड्याची भांडी घ्यावीत. समजा, प्रवेशअर्ज स्वीकारणारे एक यंत्र तासाला २०० अर्ज हाताळते, आणि शेवटच्या दिवशी तीन तास दर तासाला २,००० अर्ज येतात. त्या वेळी दहा यंत्रे लागतात. ती विकत घेतली तर वर्षभर नऊ यंत्रे धूळ खात पडतील. भाड्याने घेतली तर दहा यंत्रांचे तीन तास, म्हणजे ३० यंत्र-तासांचे पैसे द्यावे लागतील. फक्त काम झाल्यावर ती परत करण्याची व्यवस्था लावून ठेवावी लागते. ती राहिली, तर भांडी अंगणात पडून असली तरी भाडे चालूच राहते, आणि चूक महिनाअखेरीच्या बिलातच कळते.

वाशीतील एक गृहिणी : मला यातले फारसे कळत नाही, परंतु माझा अनुभव वेगळा आहे. फोनमधली जागा भरली म्हणून मी फोटोंच्या अ‍ॅपमध्ये जाऊन जुने फोटो पुसले; क्लाउडवर प्रत आहे, अशी खात्री होती. तिथूनही सगळे गेले. मग माणसाने विश्वास कशावर ठेवावा?

ऐरोलीतील अभियंता : मूळ प्रश्न शब्दाचा होता, तरी हे मुलांना सांगण्याजोगे आहे. आपल्या अ‍ॅपमध्ये फोन आणि क्लाउड एकमेकांशी जुळवून ठेवलेले होते. एकीकडे पुसले की दुसरीकडेही पुसले जाते. फक्त फोनवरची प्रत काढायची असेल, तर ‘जागा मोकळी करा’ अशा अर्थाचा वेगळा पर्याय असतो. पुसलेले फोटो काही दिवस अ‍ॅपच्या कचरापेटीत राहतात, म्हणून तेथे आजच पाहावे.

शिक्षिका, ठाणे : भांड्यांचे उदाहरण घेते, गिरणी केवळ ‘वापराएवढे पैसे’ सांगण्यापुरती ठेवते. बोलताना ‘क्लाउड’ म्हणेन आणि फळ्यावर त्याखाली ‘मेघ संगणन’ लिहीन, कारण तो शब्दही मुलांच्या वाचनात येऊ शकतो. एक शंका राहते. गावात एकाच मुहूर्तावर पाच लग्ने निघाली की भांडी कमी पडतात, हे मुले हमखास विचारतील. क्लाउडमध्येही तसे होते का?

ऐरोलीतील अभियंता : होते, क्वचित. एखाद्या ठिकाणी मागितलेल्या प्रकारची यंत्रे तेवढ्या वेळेपुरती संपलेली असतात, आणि मागणी नाकारली जाते. तेव्हा दुसऱ्या प्रकारचे यंत्र घ्यावे लागते, किंवा शेजारच्या गावातून भांडी आणावी तसे दुसऱ्या ठिकाणचे.

कळव्याचे गृहस्थ : ‘मिह्’ मान्य, तरी फळ्यावर ‘मेघ’ वर आणि ‘क्लाउड’ खाली असावे, असे माझे मत कायम आहे.