मदत हवी आहे: पालकांना बोलावण्याच्या चिठ्ठीतलं एक वाक्य अडलंय

सातवीतल्या दोन मुलांची मधल्या सुट्टीत हापशीजवळ ढकलाढकली झाली, एकाचं कोपर खरचटलं. मलमपट्टी झाली, त्याच्या घरी फोनही केला. आता दोन्ही घरच्या पालकांना एकाच मजकुराची चिठ्ठी द्यायची आहे, फक्त भेटीची वेळ वेगवेगळी.

पहिल्या मसुद्यातलं "आपल्या पाल्याने मारहाण केली" काढलं. पालकांचं ऐकण्याआधीच तो निकाल होतो, अन् घरी पोराला मार बसतो. "तक्रार", "समज देणे" हेही काढलं. दुसऱ्या मुलाचं नाव टाकलेलं नाही. आताचा मजकूर असा:

"मंगळवारी मधल्या सुट्टीत हापशीजवळ दोन मुलांमध्ये ढकलाढकली झाली. दोघांचंही म्हणणं आम्ही ऐकलं आहे, आपलंही ऐकायचं आहे. गुरुवारी सायंकाळी 6 वाजता 20 मिनिटांसाठी शाळेत यावे. जमत नसल्यास सोयीची वेळ कळवावी."

कापूस वेचणी सुरू आहे, दिवसा बोलावलं तर मजुरी बुडते, म्हणून सायंकाळ. एका घरी चिठ्ठी शेजारी वाचून दाखवतात, त्यामुळे चारचौघांत ऐकतानाही ती टोचायला नको.

अडचण कोपराची आहे. ते लिहिलं नाही तर लागलेल्या मुलाच्या घरच्यांना शाळा लपवते असं वाटेल, लिहिलं तर दुसऱ्या घरी तो आरोप वाटेल. दोन्ही घरी चालेल असं ते एक वाक्य कसं लिहावं?