लिंबाच्या पानावर डाग, नागमोडी रेषा आणि पिवळेपणा : लवकर सांगा (मोहोळ)

मोहोळकर_शेतकरी: नमस्कार मंडळी, कागदी लिंबाची बाग आहे, चार वर्षांची, चार फोटो टाकलेत. पानावर तपकिरी डाग आहेत, काही पानांवर चंदेरी रेघा आणि काही पानं पिवळी पडलीत. दुकानदार म्हणतो ग्रीनिंग आहे, झाडं काढा. १२० झाडं आहेत, कसं काढू? काय मारू ते लगेच सांगा, उद्या पंप घेऊन उतरायचंय.

बार्शीचा_बाप्पा: पान उलटं करून फोटो टाका की! चारही फोटो वरच्या बाजूचे आहेत. पाऊस कधी झाला, फळं आहेत का, पिवळी पानं नवी का जुनी, काहीच नाही लिहिलं तुम्ही.

सांगोला_डाळिंब: हा तेल्याच आहे भाऊ. माझ्या डाळिंबावर अगदी असेच डाग पडले होते, दोन बहार गेले. कॉपर मारा, दुसरं काही नको.

मोहोळकर_शेतकरी: पाऊस गेले तीन आठवडे अधूनमधून आहे. फळं आहेत, त्यांच्यावरही खरबरीत डाग आहेत. पिवळी पानं काही नवी काही जुनी. खालच्या बाजूचे फोटो टाकले बघा.

लिंबूवाले_काका: आता बोलता येईल. तुमच्या फोटोत एक रोग नाही, तीन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून गोंधळ झालाय.

डागाच्या पानावर बोट फिरवा. खैऱ्या असेल तर डाग दोन्ही बाजूंनी वर आलेला, सँडपेपरसारखा खरखरीत लागतो आणि भोवती पिवळं वलय असतं. तुमच्या खालच्या फोटोत तेच आहे, फळावरही तोच खैऱ्या. सालीपुरताच असतो, आतला रस बिघडत नाही, पण व्यापारी दर पाडतो.

चंदेरी रेघ म्हणजे पानं पोखरणारी अळी, आपण नागअळी म्हणतो ती. पान उन्हाकडे धरा, रेघेच्या मधोमध काळसर धागा दिसेल, ती अळीची विष्ठा. ती कोवळ्या पालवीतच शिरते. आता तुमचा दुसरा फोटो मोठा करून बघा, खैऱ्याचे डाग त्या रेघेवरच ओळीनं बसलेत. अळीनं साल फाडली, पावसाचं पाणी उडालं आणि जिवाणू तिथूनच आत गेले.

तेल्याचे जिवाणू खैऱ्याच्या भावकीतलेच, झँथोमोनासच, त्यामुळे डाळिंबवाल्या दादांना तसं वाटणं साहजिक आहे. पण डाळिंबाचा तेल्या लिंबावर येत नाही.

सांगोला_डाळिंब: बरं, पण कॉपर तर बरोबरच सांगितलं ना मी?

लिंबूवाले_काका: कॉपर बरोबर, पण नुसतं नाही. आधी डागाळलेल्या फांद्या छाटा, गोळा करून जाळा, आणि ओल्या झाडाला हात लावू नका. मग कॉपर ऑक्सिक्लोराईड १० लिटरला ३० ग्रॅम. नवी पालवी फुटली की अळीसाठी निंबोळी अर्क ५ टक्के मारा, वेगळ्या दिवशी. आणि एक ध्यानात ठेवा, जुने डाग फवारणीनं पुसले जात नाहीत. फरक बघायचा तो नव्या पालवीवर.

करमाळा_रानमळा: माझीपण फळं गळतायत, हस्त बहार धरलाय, पाणी तोडलं होतं. यावर काय मारू?

बार्शीचा_बाप्पा: वेगळा धागा काढा हो, इथं ग्रीनिंगचं चाललंय. काका, पिवळ्या पानांचं राहिलंच.

लिंबूवाले_काका: हो. तेच सगळ्यांत अवघड. पेन घ्या आणि पिवळ्या पानाच्या मधल्या शिरेच्या एका बाजूला गोल काढा, दुसऱ्या बाजूला नेमका त्याच जागी दुसरा. दोन्ही गोलांतला पिवळेपणा सारखा असेल तर झिंकसारखी कमतरता, आपल्या चुनखडीच्या रानात ती कायम असते. एका गोलात हिरवं आणि दुसऱ्यात पिवळं, असं ठिगळ-ठिगळ असेल तर ग्रीनिंगची शंका. दहा-वीस पानं तपासा, एकावर ठरवू नका.

मोहोळकर_शेतकरी: आज सकाळी बसून केलं. पाच झाडांची पानं दोन्हीकडून सारखीच निघाली. बांधाकडच्या एका झाडाची मात्र एका बाजूला हिरवी, दुसऱ्या बाजूला पिवळी. त्याच झाडाचं लिंबू देठापासून उभं कापलं तर मधला दांडा वाकडा आहे, बिया बारीक काळ्या. फोटो टाकलाय.

लिंबूवाले_काका: हे मला आवडलं नाही. पण फोटोवरून ग्रीनिंग म्हणणार नाही. त्या झाडाची ठिगळ पडलेली पक्की पानं देठासकट घ्या आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संस्थेत आधी विचारून पीसीआर तपासणीला पाठवा. ग्रीनिंग निघालं तर औषध नाही, झाड काढावंच लागतं. तोवर पालवीवर सायला किडा आहे का ते बघा, रोग तोच पसरवतो. बाकी ११९ झाडं आत्ता काढू नका.

बार्शीचा_बाप्पा: माझ्या मते झाड आत्ताच काढून टाका, वाट बघण्यात बाकीची जातील.

लिंबूवाले_काका: रिपोर्टच्या आधी काढलं तर नक्की काय होतं ते कधीच कळणार नाही, मग पुढच्या वर्षी पुन्हा हाच धागा.

मोहोळकर_शेतकरी: झाडाला लाल चिंधी बांधलीय, पानं उद्या पाठवतो. काका, पिशवी प्लास्टिकची घेऊ का कागदाची?