मदत हवी आहे: वरिष्ठांशी मतभेदानंतर मुदतपूर्व बदली

बांधकाम_गटब:
मंडळी, राज्य शासनात गट-ब पदावर आहे. सध्याच्या जागी 14 महिने झालेत. न झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत घ्यायला नकार दिला आणि तसं टिपणीवर लिहिलं. पंधरा दिवसांत, ऐन नोव्हेंबरमध्ये, 'प्रशासकीय कारणास्तव' बदलीचा आदेश निघाला. अजून कार्यमुक्त केलेलं नाही. काय करू?

दगडूशेठ७०:
आदेश घेऊच नका. सही केल्याशिवाय कार्यमुक्त करता येत नाही. आजारी रजा टाका.

जुना_आस्थापनावाला:
दगडूशेठ, हा सल्ला महागात पडेल. एकतर्फी कार्यमुक्त करतात, आदेश घरी पोस्टाने येतो. खोट्या रजेवरून शिस्तभंगाची कारवाई झाली, तर मूळ मुद्दा बाजूलाच पडतो.

2005 च्या बदली कायद्याप्रमाणे तुमचा कार्यकाळ तीन वर्षांचा आणि बदल्या एप्रिल-मे मध्ये. त्याआधी हलवायचं तर कलम 4(5) खाली कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि लगतच्या वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. 'प्रशासकीय कारणास्तव' एवढ्यानं भागत नाही, खरं कारण नस्तीत असायला हवं. म्हणून माहिती अधिकारात बदलीच्या नस्तीवरील टिपण्या आणि नागरी सेवा मंडळाचं इतिवृत्त मागा. मान्यतेची तारीख आदेशाच्या नंतरची निघाली, तर ती पूर्वमान्यता नव्हेच.

पण उत्तराला तीस दिवस लागतात, त्यासाठी थांबू नका. आजच निवेदन द्या आणि पोच घ्या. त्यात भांडणाची भाषा नको. रुजू दिनांक, टिपणीचा दिनांक, आदेशाचा दिनांक एकाखाली एक लिहा. पंधरा दिवसांचं ते अंतर तुमच्यासाठी फार मोलाचं आहे. टिपणीची प्रत आहे ना?

बांधकाम_गटब:
आहे, आवक क्रमांकासह.

बँकवाली_ताई:
मलाही असंच दुसऱ्या विभागात पाठवलंय. मीही महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, जाऊ का?

जुना_आस्थापनावाला:
ताई, मॅट राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे आणि हा कायदाही बँकेला लागू नाही. तुमचं बँकेचं बदली धोरण पाहावं लागेल, बँक सरकारी असेल तर दाद उच्च न्यायालयात. वेगळा धागा काढा.

वकिलीण:
शिक्षेऐवजी केलेली बदली टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सोमेश तिवारी प्रकरणात 2008 मध्ये सांगितलंय. मात्र आकस सिद्ध करणं कठीण असतं आणि तो आरोप करायचा तर त्या अधिकाऱ्याला नावानिशी प्रतिवादी करावं लागतं. माझ्या मते मुख्य भर 4(5) च्या उल्लंघनावर ठेवा, आकस दुय्यम. तुमच्या जागी कोणाची नेमणूक झाली असेल, तर त्यालाही प्रतिवादी करा.

बांधकाम_गटब:
मग आधी रुजू होऊ की स्थगिती मागू?

वकिलीण:
कार्यमुक्तीपूर्वी मॅटमध्ये अर्ज दाखल झाला तर स्थगितीची शक्यता जास्त. कार्यमुक्त केलंच, तर लेखी हरकत नोंदवून रुजू व्हा. दाद मागण्याचा हक्क जात नाही.

जुना_आस्थापनावाला:
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. निवेदनाच्या उत्तराची निदान आठवडाभर वाट पाहावी, नाहीतर 'आधी विभागाकडे जा' म्हणून अर्ज परत येऊ शकतो.

वकिलीण:
आठवड्यात कार्यमुक्त केलं तर? निवेदन आज, अर्ज परवा.