मदत हवी आहे: एनपीव्ही ‘ब’ म्हणते, आयआरआर ‘अ’ म्हणतो

डाळवाला
डाळ मिलच्या शेडमध्ये एकच लाइन बसते. दोन्ही पर्यायांना आज 10 लाख लागतात. ‘अ’, म्हणजे जॉबवर्क: तीन वर्षांत हाती 7, 4, 2 लाख. ‘ब’, म्हणजे स्वतःचं पॅकिंग: 1, 4, 9.5 लाख (शेवटच्या आकड्यात मशीनची विक्री धरली आहे). कर्ज 10 टक्क्यांनी. आयआरआर अनुक्रमे 18.2 आणि 15.6 टक्के. एनपीव्ही मात्र 1.07 आणि 1.23 लाख. शीट चुकलंय का?

```
=NPV(10%,B2:E2)
```

पावशेर
दोन्ही 10 टक्क्यांच्या वर आहेत ना, मग दोन्ही करून टाका.

डाळवाला
शेड एकच आहे हो.

हिशोबनीस
शीट थोडं चुकलंय, पण भांडण त्यामुळे नाही. एक्सेलचं NPV पहिला आकडा वर्षअखेरचा धरतं, त्यामुळे तुमचे आजचे 10 लाखही एक वर्ष पुढे ढकलले गेले. ते बाहेर काढा:

```
=NPV(10%,C2:E2)+B2
```

आता 1.17 आणि 1.35 येईल. क्रम तोच.

खरं कारण पैसा कधी येतो हे आहे. ‘ब’मधून ‘अ’ वजा करा: आज 0, मग -6, 0, +7.5. म्हणजे ‘ब’ घेणं म्हणजे पहिल्या वर्षअखेरीला 6 लाख सोडून दोन वर्षांनी 7.5 लाख घेणं. या ओळीला IRR लावा, 11.8 टक्के येतो. तुमचा पैसा त्यापेक्षा स्वस्त असेल तर ‘ब’, महाग असेल तर ‘अ’. 12 टक्क्यांनी करून बघा: ‘अ’ 0.86, ‘ब’ 0.84. क्रम फिरला.

चक्रवाढ
आयआरआर आलेले 7 लाख 18 टक्क्यांनीच पुन्हा गुंतवले असं गृहीत धरतो, म्हणून फसवतो. MIRR वापरा, वाद मिटतो.

हिशोबनीस
इथे मिटतो, 10 टक्क्यांनी ‘अ’ 14.1, ‘ब’ 14.8. कारण दोन्हीकडे 10 लाख आणि तीनच वर्षं आहेत. एकीकडे 2 लाख आणि दुसरीकडे 20 लाख असते, तर MIRR सुद्धा छोट्यालाच वर चढवू शकला असता, कारण टक्केवारीला रुपये दिसत नाहीत. आणि ‘गृहीत धरतो’ हे मला पटत नाही. आयआरआर काढताना तो पैसा पुढे कुठे जातो हे कुणी विचारतच नाही.

चक्रवाढ
तुलना करायला बसलात की विचारावंच लागतं. असो.

डाळवाला
मग 10 टक्के धरून ‘ब’?

हिशोबनीस
10 टक्के कर्जाचा दर झाला. 10 लाखांत तुमचे स्वतःचे किती? त्यांच्यावर तुम्ही 10 टक्क्यांवर समाधानी असाल असं वाटत नाही. समजा 4 लाख तुमचे आणि त्यांवर 16 टक्के हवेत, तर सरासरी दर 12.4 होतो, आणि मग ‘अ’ पुढे.

डाळवाला
साडेतीन लाख माझे आहेत. अपेक्षा किती धरायची हेच ठरत नाही. 9.5 मधल्या मशीनच्या किमतीचाही भरवसा नाही.

हिशोबनीस
मग आधी ती किंमत 50 हजारांनी कमी धरून बघा. फरकाची ओळ -6, 0, 7 होते आणि 11.8 चे 8 टक्के होतात. मग 10 टक्क्यांनीसुद्धा ‘अ’.