मदत हवी आहे: सबमिशन ड्यू डेटप्रमाणे लावताना तारखा उलट्या होतायत

तीन वर्गांची मिळून ९४ सबमिशन तपासायची आहेत, आज दिवस संपायच्या आत. प्लॅटफॉर्मवर प्रत्येक वर्गाची यादी वेगळी दिसते, म्हणून तिन्हींची CSV काढून एकाच शीटमध्ये टाकली, आधी ड्यू डेट मग वर्ग असं सॉर्ट केलं, तर २८ नोव्हेंबरची कामं २ डिसेंबरच्या खाली गेली.

नीट बघितलं तर 28/11/2025 सेलच्या डाव्या कडेला चिकटलंय, म्हणजे ते टेक्स्टच राहिलंय, आणि 02/12/2025 उजवीकडे, म्हणजे तारीख झालीये पण १२ फेब्रुवारी! १२ पर्यंतचे दिवस शीटने महिना समजून घेतलेत. ज्यांना मुदत वाढवून दिली त्यांची कामं आधी तपासली जाऊ नयेत, खरी उशीर झालेली मुलं आधी हवीत, म्हणून हे बरोबर लागणं गरजेचं आहे.

फॉरमॅट बदलून बघितला, फक्त दिसणं बदललं. DATEVALUE लावलं तर 28/11 वाल्या ओळींना एरर येते. लॅपटॉप शाळेचा, ॲड-ऑन टाकता येत नाही. मूळ CSV आहेत, पुन्हा इम्पोर्ट करू शकते.

तर इम्पोर्ट करायच्या आधीच लोकेल बदलावं का, की कॉलम टेक्स्ट म्हणून घेऊन दिवस, महिना, वर्ष फॉर्म्युल्याने वेगळे करून तारीख बनवावी?