मदत हवी आहे: नोकरी सुटली, ऑफिसचं सिम परत गेलं, सगळे ओटीपी त्याच नंबरवर

माळरान: सहा वर्षं ऑफिसने दिलेलाच नंबर वापरत होतो. नोकरी सोडताना सिम जमा केलं. आता जीमेल, बँक आणि आधार, तिन्हीकडे तोच नंबर आहे. नव्या फोनवर जीमेल उघडायला गेलो की कोड जुन्या नंबरवर जातो. घरच्या लॅपटॉपवर मात्र जीमेल अजून उघडतंय. सुरुवात कुठून करू?

चहाबाज: गॅलरीत आधार घेऊन जा, त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम देतात. दहा मिनिटांचं काम.

सदाशिवराव: चहाबाज, ते स्वतःच्या नावावरच्या नंबरला. हा नंबर कंपनीच्या नावावर आहे, यांना कोण देणार?

माळरान, लॅपटॉपवर लॉगआउट करू नका, ब्राउझरचा इतिहास आणि कुकीजही पुसू नका. पूर्वी कधी तिथे Don't ask again on this device वर टिक केली असेल, तर तो लॅपटॉप कोड न मागता आत सोडतो. गूगल खात्यात Security मध्ये 2-Step Verification उघडा. पासवर्ड विचारेल, तो द्या. आधी Backup codes काढून कागदावर लिहा. आठ आकडी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. मग नवा नंबर घाला, त्यावर कोड येतो का बघा आणि जुना त्यानंतरच काढा. Recovery phone वेगळ्या जागी असतो, तोही बदला.

पावसाळी: नंबर पोर्ट केला तर तोच राहतो ना? मी गेल्या वर्षी केला, एकही ओटीपी चुकला नाही.

सदाशिवराव: पोर्टिंगचा प्रश्नच नाही हो, नंबरच हातातून गेलाय.

माळरान: कोड मिळाले, नवा नंबरही लागला! आता बँक?

सदाशिवराव: पासबुक, पॅन आणि आधार घेऊन शाखेत जा, नंबर बदलायचा फॉर्म भरा. काही बँका कार्ड आणि पिनवर एटीएममधूनही बदलून देतात, पण मला शाखाच बरी वाटते. यूपीआय त्यानंतर नव्या सिमवर पुन्हा जोडावं लागेल. आधारसाठी केंद्रात जा. बोटांचे ठसे घेतात, जुन्या नंबरचा ओटीपी लागत नाही, मोबाईल बदलायला कागदपत्रंही मागत नाहीत. ते झाल्याशिवाय डिजिलॉकरच्या मागे लागू नका, तिथे आधारचाच ओटीपी येतो.

कोकणकन्या: माझं उलटं झालंय. नवीन सिम घेतलं, तर कुणा अनोळखी माणसाच्या कर्जाचे मेसेज आणि ओटीपी मला येतात. म्हणून म्हणते, ऑफिसने तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला का ते विचारा.

माळरान: विचारलं. सिम अजून अ‍ॅडमिनच्या कपाटात आहे म्हणे. डिमॅटचा नंबरही तोच आहे. अ‍ॅडमिनला सिम फोनमध्ये घालायला लावून फोनवर कोड विचारून घेऊ का?

चहाबाज: घ्या की, दोन मिनिटांत सुटेल.

सदाशिवराव: मी नाही घेणार. त्या खात्यात पैसे आहेत, आणि कोड तिसऱ्याच्या तोंडून. स्वतः जाऊन त्यांच्यासमोर सिम घालू देतात का बघा. नाहीतर ब्रोकरकडे नंबर बदलायचा अर्ज द्या, फक्त वेळ लागेल.

माळरान: सोमवारी जाऊन विचारतो. एचआर तयार होईल असं वाटत नाही.