जॅमवर बुरशी आणि टोमॅटो मऊ: खरवडून वापरू की टाकून देऊ?

मृण्मयी_ना
महाबळेश्वरची 1 किलो स्ट्रॉबेरी आणली होती. गोड कमी हवं म्हणून 400 ग्रॅमच साखर घालून जॅम केला. अर्ध्या किलोच्या दोन बाटल्या भरल्या. फ्रिजमधल्या एका बाटलीत वर रुपयाएवढा हिरवट-पांढरा ठिपका आलाय. सासूबाई म्हणतात, चमच्याने काढून पुन्हा उकळ. टोपलीत तीन-चार टोमॅटोही मऊ पडलेत, एकाच्या देठाशी काळा खड्डा आहे. काय ठेवू, काय टाकू?

काकू६२
सासूबाईंचं बरोबर आहे. आम्ही वरचा थर काढून खळखळून उकळायचो. उकळीत बुरशी मरतेच.

सदाशिव_प्रक्रिया
काकू, बुरशी मरते हे खरं. पण काही बुरशी विष सोडतात, ते घरच्या उकळीने जाईलच असं नाही. आणि आपली बुरशी त्यातली आहे की नाही, हे रंगावरून कळत नाही.

मृण्मयीताई, तुमचा हिशेब बघा. 400 ग्रॅम साखर आणि फळातला घट्ट भाग साधारण 90 ग्रॅम, म्हणजे एक किलो जॅममध्ये जेमतेम 49 टक्के. बाजारच्या जॅमला किमान 65 टक्के लागतात. तेवढी साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे बुरशीला वाढायला पाणी मिळत नाही. तुमचा जॅम त्यामानाने पातळ, आत काय पसरलंय ते दिसणार नाही. ती बाटली पूर्ण टाका. हुंगून बघू नका, बुरशीचे कण नाकात जातात.

टोमॅटोचं वेगळं. नुसता मऊ, साल अखंड, पाणी सुटलेलं नाही, आंबूस वास नाही, तर तो फक्त जास्त पिकलाय. चिरून आतून बघा आणि आजच सार करा. काळ्या खड्ड्याचा मात्र अख्खा टाका, रसाळ गरात बुरशी आतवर गेलेली असते. गाजर असतं तर डागाभोवती इंचभर कापून उरलेलं वापरा म्हटलं असतं.

रानमेवा
माझ्या कैरीच्या लोणच्यावर पांढरा थर आलाय, तेल कमी पडलं होतं. वर तेल ओतलं तर चालेल का?

सदाशिव_प्रक्रिया
लोणच्याचं गणित मिठाचं आणि तेलाचं, त्याचा वेगळा धागा काढा. फोडी आणि मसाल्याचं प्रमाण लिहा. तोवर खाऊ नका.

मृण्मयी_ना
बाटली टाकली. तीन टोमॅटो आतून लाल निघाले, सार केलं. दुसऱ्या बाटलीवर मात्र काहीच दिसत नाही. ती?

सदाशिव_प्रक्रिया
झाकणाच्या आतून आणि काठाखाली बघा. स्वच्छ असेल तर फ्रिजमध्येच ठेवा, कोरडा चमचा वापरा आणि लवकर संपवा. मी खाईन.

पियू_लॅब
मी नाही खाणार. त्याच घाण्यातली आहे, साखरही तेवढीच. घरात लहान मूल आहे का, ताई?